चल अक्षररचना आणि उच्चारकाल : मराठी निवेदनाच्या संदर्भात काही विचार

एखादा विषय मिनिट-दोन मिनिटांत समजावून सांगणाऱ्या चित्रफिती अलीकडे मराठीत विपुल होऊ लागल्या आहेत. पडद्याबाहेरून निवेदन चालू असते आणि त्यातील शब्द पडद्यावर हालत, सरकत, लहानमोठे होत अवतरत असतात. या चल अक्षररचनेचे, म्हणजे कायनेटिक टायपोग्राफीचे, विवेचन बहुधा रंग, वळण आणि गती यांच्या अंगाने होते. शब्द नेमका कोणत्या क्षणी दिसावा, हा प्रश्न मात्र यंत्रावर किंवा कारागिराच्या कानावर सोडून दिलेला आढळतो. वस्तुतः हा प्रश्न ध्वनिशास्त्राचा आणि वाक्यविचाराचा आहे, आणि मराठीपुरते त्याचे उत्तर इंग्रजीतील उत्तराहून काही बाबतींत वेगळे आहे.

या कलेची वंशावळ सांगताना १९५९ सालच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या चित्रपटासाठी सॉल बास याने केलेल्या श्रेयनामावलीचा उल्लेख प्रथेने होतो. तो योग्यच आहे. परंतु तेथे नावे संगीताच्या साथीने सरकतात, ती कोणी उच्चारीत नाही. उच्चाराशी मेळ घालण्याची अडचण तेथे उद्भवतच नव्हती. त्या दृष्टीने बॉब डिलन याचे १९६५ साली लंडनच्या एका बोळात चित्रित झालेले आणि १९६७ च्या माहितीपटात समाविष्ट झालेले दृश्य अधिक बोधक आहे. गीत वाजत असते आणि डिलन हातातील पुठ्ठे एकामागून एक टाकीत जातो. त्या पुठ्ठ्यांवर सगळे गीत लिहिलेले नाही, त्यातले निवडक शब्द तेवढे आहेत. ऐकू येणारा प्रत्येक शब्द दाखविलाच पाहिजे असे नाही, ही गोष्ट तेथे सहज साधली आहे. आजच्या चित्रफितींत ती क्वचितच पाळली जाते.

मुख्य प्रश्न असा, की शब्द ‘सुरू’ केव्हा होतो? ध्वनिलेखाकडे पाहणाऱ्यास वाटते, की रेषेत हालचाल दिसू लागली तेथे. कानाचा निर्णय मात्र तसा नसतो. मॉर्टन, मार्कस आणि फ्रँकिश यांनी १९७६ साली असे दाखवून दिले, की समान अंतराने ऐकू यावेत म्हणून शब्द मांडावयाचे, तर त्यांचे ध्वनिलेखातील आरंभबिंदू समान अंतरावर ठेवून भागत नाही. प्रत्येक शब्दाचा ‘घडण्याचा’ एक क्षण ऐकणाऱ्यास जाणवतो, आणि तो सामान्यतः पहिल्या अवयवातील स्वराच्या आरंभाजवळ पडतो. आरंभीचे व्यंजन दीर्घ असेल, तर तो क्षण शब्दाच्या आरंभापासून अधिक दूर सरकतो. ‘सह्याद्री’ या शब्दात सकाराचे घर्षण शंभराहून अधिक मिलिसेकंद चालू शकते. शब्द लागला असे कानास वाटते ते त्यानंतरच्या अकाराशी. ‘पाऊस’ या शब्दात उलट स्थिती आहे. पकाराच्या वेळी ओठ मिटलेले असतात, ध्वनिलेखात शांतता दिसते, आणि स्फोटानंतर लगेच स्वर येतो. ज्या संपादकाने दोन्ही शब्द केवळ रेषेच्या आरंभाशी जुळविले, त्याचा पहिला शब्द घाई केल्यासारखा आणि दुसरा बरोबर वाटेल, आणि असे का व्हावे हे त्यास कळणार नाही.

पुढचा प्रश्न चुकीच्या दिशेचा. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली केलेल्या शिफारशीत असे नमूद आहे, की ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकास विसंगती जाणवू लागते. ध्वनी मागे पडला असता मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ती जाणवत नाही. हे आकडे सर्वसाधारण चित्रध्वनीचे आहेत. लिहिलेल्या शब्दास ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि त्यांतील दिशा विचारात घेण्यासारखी आहे. दृश्य थोडे आधी आलेले चालते, उशिरा आलेले खपत नाही. सेकंदास २५ फ्रेमांच्या चित्रफितीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे उशिराच्या बाजूस जेमतेम एका फ्रेमेची सूट आहे. म्हणून काल फ्रेमेत रूपांतरित करताना अपूर्णांक आला, तर तो नेहमी खालच्या पूर्णांकाकडे वळवावा.

एक वाक्य घेऊन हे तपासता येईल. पर्जन्यछायेविषयीच्या निवेदनात पुढील वाक्य आहे असे समजू : ‘सह्याद्रीच्या पूर्वेला एवढा पाऊस पडत नाही.’ ‘प्राट’ या ध्वनिविश्लेषणाच्या साधनात ध्वनिलेख उघडून प्रत्येक शब्दाच्या पहिल्या स्वरावर खूण केली, आणि उदाहरणादाखल असे मिळाले : सकाराचे घर्षण ०.४० सेकंदास सुरू होते, त्यामागचा स्वर ०.५२ ला, ‘पूर्वेला’चा स्वर १.०८ ला, हा शब्द १.५२ ला संपतो आणि निवेदक थोडा थांबतो, ‘एवढा’ १.७४ ला, ‘पाऊस’ २.१२ ला, ‘पडत’ २.५० ला, ‘नाही’ २.८४ ला, वाक्य ३.१६ ला संपते. २५ ने गुणले असता स्वरांच्या फ्रेमा १३, २७, ४३, ५३, ६२ आणि ७१ अशा येतात.

आता प्रचलित रीत पाहावी. वाक्याचा एकूण काल २.७६ सेकंद, शब्द सहा, प्रत्येकास ०.४६ सेकंद. या हिशेबाने ‘एवढा’ हा शब्द १.३२ सेकंदास, म्हणजे निवेदक अजून ‘पूर्वेला’ उच्चारीत असतानाच, पडद्यावर येतो. उच्चारापूर्वी ०.४२ सेकंद तो तेथे उभा असतो. समविभागणीत विरामाला जागाच नाही, म्हणून विरामाचा सगळा काल चूक होऊन पुढच्या शब्दांवर पसरतो. वाक्याच्या अखेरीस चूक कमी होत जाते, त्यामुळे शेवटचा शब्द जवळपास बरोबर येतो आणि कारागिराचे समाधान होते.

याहून गंभीर दोष एकेक शब्द स्वतंत्रपणे दाखविण्याचा आहे. इंग्रजीत नकार क्रियापदापूर्वी येतो. तेथे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येत गेला तरी नकाराची सूचना वेळेवर मिळते. मराठीत ती वाक्याच्या शेवटी मिळते. पडद्याच्या मध्यभागी ‘पाऊस’ आला आणि गेला, ‘पडत’ आला आणि गेला, आणि मग एकटा ‘नाही’ उभा राहिला, तर तो कशाचा निषेध करतो हे प्रेक्षकास स्मरणातून जुळवावे लागते. ‘सह्याद्रीच्या’ हे षष्ठीचे रूपही एकटे दाखविण्याजोगे नाही. ते पुढच्या शब्दावर टेकलेले आहे. म्हणून मराठीत दर्शनाचा घटक शब्द नसून पदबंध असावा. प्रस्तुत वाक्याचे तीन भाग पडतात : ‘सह्याद्रीच्या पूर्वेला’, ‘एवढा पाऊस’, ‘पडत नाही’. पहिला भाग १३ व्या, दुसरा ४३ व्या आणि तिसरा ६२ व्या फ्रेमेस वाचनीय व्हावा. आणि आधीचे भाग वाक्य संपेपर्यंत जागेवर राहावेत. यात ‘पूर्वेला’ उच्चारापूर्वी १४ फ्रेमा दिसतो हे खरे. परंतु डोळा डावीकडून उजवीकडे वाचीत जातो आणि पदबंध पुरा झाल्याखेरीज अर्थ लागत नसल्याने ते खटकत नाही. ‘नाही’ मात्र क्रियापदासह दिसतो, हा मोठा लाभ.

‘वाचनीय व्हावा’ असे म्हटले ते हेतुपुरस्सर. शब्द येऊ लागणे आणि वाचता येणे यांत अंतर असते, आणि ते गतीच्या वळणावर अवलंबून असते. प्रवेशास सहा फ्रेमा दिल्या आणि गती आरंभी वेगवान, शेवटी मंदावणारी अशी घनवक्राने ठेवली, तर तिसऱ्या फ्रेमेसच शब्दाने ८७.५ टक्के अंतर कापलेले असते. हाच वक्र उलटा केला, तर तिसऱ्या फ्रेमेस केवळ १२.५ टक्के आणि पाचव्या फ्रेमेसही ५८ टक्क्यांच्या आसपासच. दोन्ही चित्रफितींत आरंभ आणि शेवटाच्या खुणा त्याच; तरी दुसरी उशिरा चालल्यासारखी भासते. मंदावणारी गती घेतली, तर उपरोक्त तीन भागांचे प्रवेश १०, ४० आणि ५९ या फ्रेमांस सुरू करावे लागतात. पैकी १० वी फ्रेम नेमकी सकाराच्या घर्षणाचा आरंभ आहे. हा योगायोग खरा, पण सोयीचा : घर्षण चालू असताना शब्द येतो आणि स्वराशी स्थिरावतो.

ठळकपणाच्या बाबतीतही डोळे झाकून नामे मोठी करण्याची सवय जडली आहे. या वाक्यात ‘पाऊस’ मोठा केला, तर प्रेक्षक घेऊन जाईल तो पाऊसच. निवेदकाचा भर मात्र ‘एवढा’वर आहे, पाऊस मुळीच पडत नाही असे त्यास म्हणावयाचे नाही, पश्चिमेइतका पडत नाही असे म्हणावयाचे आहे. तो भर ध्वनिलेखाच्या उंचीवरून ओळखू पाहणे फसवे ठरते, कारण आकारासारखे विवृत स्वर मुळातच मोठे दिसतात. स्वराची पट्टी आणि दीर्घता पाहिली पाहिजे.

राहिला अक्षरांचा प्रश्न. इंग्रजीच्या साच्यांत वर्ण एकामागून एक उमटविण्याची हौस फार. ‘पूर्वेला’ तसा उमटविला, तर आधी ‘पूर’ दिसतो, मग त्या रेफाला पाय फुटून तो पुढच्या वकाराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘पश्चिम’मधील ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर असते आणि दिसते मात्र त्याच्या आधी, ती उमटताना आधीची अक्षरे बाजूस ढकलली जातात. युनिकोडच्या वर्णखंडनाच्या नियमांतही भारतीय जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम २०२३ च्या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या नियमाने ‘र्वे’चे दोन तुकडे होत. अक्षरे सुटी करून पसरविली तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे मोडके कुंपण होते. ‘आफ्टर इफेक्ट्स’सारख्या साधनात `Based On` या ठिकाणी `Characters` ऐवजी `Words` निवडले, की निदान शब्द शाबूत राहतो. देवनागरीत त्याखाली उतरण्याचे प्रयोजन क्वचितच असते.

जुळणी बरोबर झाली की नाही हे केवळ पाहून ठरविणे कठीण, कारण वाक्य पाठ झालेल्या संपादकास सर्वच वेळेवर वाटते. सगळे शब्द दोन फ्रेमा मागे आणि मग दोन फ्रेमा पुढे सरकवून तिन्ही रूपे दुसऱ्या कोणास दाखवावीत. आधी सरकविलेले रूप अधिक चांगले वाटले, तर मूळचे उशिरा होते. ही तपासणी ब्लूटूथ हेडफोन लावून मात्र करू नये. त्यात ध्वनी शंभराहून अधिक मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो, आणि सर्वच साधने त्याची भरपाई करीत नाहीत. अशा वेळी उशिरा ऐकणारा संपादक शब्दही उशिरा बसवितो, आणि साध्या ध्वनिवर्धकावर चित्रफीत लावली असता प्रत्येक शब्द आवाजाच्या मागून धावत येताना दिसतो.