‘पोलर’ हे नाव कुठवर खरं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, “सर, प्रत्येक मॅट्रिक्स म्हणजे एक फिरवणं आणि एक ताणणं, असं पुस्तकात लिहिलंय. ते खरं का?” आज याच वाक्याची जरा झडती घेऊ.

आधी वाक्याच्या बाजूनं. सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन आपल्याला A = UΣVᵀ देतं. U आणि V लंबकोनी, म्हणजे लांबी न बदलणारे. Σ मध्ये कर्णावर ऋण नसलेल्या संख्या. आता U आणि Σ यांच्यामध्ये VᵀV घाला. तो एकक मॅट्रिक्सच आहे, त्यामुळे काहीच बिघडत नाही. मिळतं ते असं:

```
A = (U Vᵀ)(V Σ Vᵀ) = R S
```

S सममित आहे. तो V च्या, एकमेकींना लंब असलेल्या दिशांना ताणतो किंवा आकसतो. R फिरवतो. संमिश्र संख्या जशी लांबी आणि कोन यांत मांडतात, तसंच हे दिसतं; म्हणून नाव पोलर डिकंपोझिशन. उपमा सुंदर आहे. पण न्यायशास्त्र शिकलेला माणूस लगेच विचारणार, साधर्म्य नेमकं कुठवर?

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवा आणि वरचे पत्ते उजवीकडे सरकवा. एकही पत्ता फिरलेला नाही, सगळे आडवेच आहेत. बाजूनं पाहिलं तर मॅट्रिक्स असा:

```
A = [1 1]    R = 1/√5 [ 2 1]    S = 1/√5 [2 1]
    [0 1]             [-1 2]             [1 3]
```

R आणि S गुणून पाहा, A परत येतो. S चं ताणणं एका दिशेला १.६१८ पट आणि तिला लंब दिशेला ०.६१८ पट. म्हणजे चक्क सुवर्ण गुणोत्तर! आणि R? घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं २६.५७ अंश. एकही पत्ता फिरला नाही, मग हे अंश आले कुठून?

आता तेच सरकवणं पुन्हा एकदा करा. मॅट्रिक्समधला वरचा १ जाऊन २ येतो. संमिश्र संख्यांमध्ये गुणाकार केला की कोनांची बेरीज होते. त्या न्यायानं ५३.१३ अंश यायला हवेत. गणित केलं तर येतात ४५! कारण A दोनदा लावणं म्हणजे RSRS. मधला S अडून बसतो, आणि R व S यांची अदलाबदल करता येत नाही. कितीही सरकवा, हा कोन ९० अंशांच्या जवळ जाईल, तिथे पोचणार कधीच नाही. मग ‘फिरवण्याचा भाग’ म्हणजे घडून गेलेलं फिरवणं, असं कसं म्हणणार? माझा आक्षेप आहे तो इथे.

मग R आहे तरी काय? सगळ्या लंबकोनी मॅट्रिक्समध्ये A च्या सर्वांत जवळचा. पदांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या. पहिल्या सरकवण्यासाठी R शी हे अंतर सुमारे ०.५३ येतं. ‘काहीच फिरलं नाही’ असं मानून एकक मॅट्रिक्स घेतला, तर १ येतं. म्हणजे R हा इतिहास नव्हे, तो उत्तम अंदाज आहे. मला हे उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं.

दोन ठिकाणी सावध राहा. पहिलं, A चा निश्चयक ऋण असेल तर UVᵀ चाही निश्चयक −१ येतो. ते निव्वळ फिरवणं नव्हे, त्यात आरसा आहे. निव्वळ फिरवणंच हवं असेल, तर सर्वांत लहान सिंग्युलर व्हॅल्यूच्या दिशेचं चिन्ह उलटवतात. पण मग S मध्ये एक ऋण संख्या शिरते आणि ‘ताणणं’ हा शब्द लंगडा पडतो. आरसा जात नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, इतकंच. दुसरं, निश्चयक शून्य असेल तर S एकच राहतो, पण R एकमेव राहत नाही. तुमचा संगणक कुठला तरी एक R बिनदिक्कत देईल. सर्वांत लहान सिंग्युलर व्हॅल्यू शून्याच्या अगदी जवळ दिसली, तरी त्या R वर भिस्त ठेवू नका. आकड्यांतल्या किरकोळ चुकीनंही तो भलतीकडे वळतो.

इथे मात्र उपमा पुन्हा जुळते बरं का! शून्य या संमिश्र संख्येला तरी कुठला कोन असतो?

तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर असं: पुस्तकातलं वाक्य ‘असतं’ म्हणतं, तिथे ‘मांडता येतं’ असं वाचा, आणि ‘फिरवणं’ या शब्दात आरशालाही जागा ठेवा. मग ते खरं आहे. प्रश्न असतील तर विचारा.