आधी कात्री, मग वाचन

तोरण्यावरचा एक चांगला लेख वेबपानावर सापडला. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवरील शाळेत रेंज मिळेलच असे नाही, म्हणून त्याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले. आता वर्गासाठी त्यातला फक्त लेखाचा मजकूर हवा आहे. अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून आधी सगळे चित्र वाचून घ्यायचे आणि नको त्या ओळी नंतर खोडायच्या, अशी रीत बहुधा वापरली जाते. ही रीत सोपी आहे, पण सदोष आहे.

चित्रात मेनू, जाहिरात आणि लेख आपापल्या जागी असतात. वाचन झाले की या जागा पुसल्या जातात आणि ओळींची एक रांग तेवढी उरते. त्या रांगेतही मेनू ओळखू येतो. ‘मुख्यपान राज्य देश क्रीडा’ यात ना क्रियापद, ना ‘आणि’. जाहिरात मात्र पूर्ण वाक्यात बोलते. समजा, मजकूर असा आला: ‘पावसाळ्यात वाट निसरडी होते. चांगली पकड असलेले बूट आवश्यक आहेत.’ यातले दुसरे वाक्य लेखकाचे की बूटविक्रेत्याचे? मजकुरावरून ते सांगता येत नाही. चित्रात ते वेगळ्या रंगाच्या चौकटीत होते. म्हणून कात्री चित्रावरच चालवावी. जाहिरात मध्येच असेल तर तिच्या वरचा आणि खालचा भाग वेगळा कापावा. मग टेसेरॅक्टला प्रत्येक तुकडा हा मजकुराचा एकच ठोकळा आहे असे सांगून वाचायला द्यावा:

```
tesseract tukda1.png tukda1 -l mar --psm 6
```

कुकीच्या परवानगीची पट्टी ही वेगळीच अडचण आहे. जाहिरात लेखाच्या शेजारी बसते, ही पट्टी लेखाच्या अंगावर बसते. ती कापली तरी खालच्या ओळी परत येत नाहीत. शक्य असेल तर ती बंद करूनच चित्रे घ्यावीत. ते जमले नाही, तर हिशेब करावा. पडदा २४०० बिंदू उंच, वरचा मेनू ३००, खालची पट्टी ५००. उघडा भाग उरला १६००. एक ओळ ८० बिंदूंची धरली तर २० ओळी दिसतात. तेव्हा दर वेळी १७ ओळीच पुढे सरकावे, म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांत ३ ओळी सारख्या येतील. कापल्यावर पहिल्या तुकड्याच्या शेवटच्या ३ ओळी दुसऱ्याच्या पहिल्या ३ ओळींशी ताडून पाहाव्यात. जुळल्या तर एकदाच ठेवाव्यात. एकही ओळ सामाईक नसेल, तर मधला मजकूर हरवला असण्याची शक्यता धरावी आणि तिथे तशी खूण करावी. अंदाजाने वाक्य जुळवू नये.

या रीतीलाही मर्यादा आहे. हे माप एका संकेतस्थळाला आणि एकाच फोनला लागू पडते. दुसरीकडे ते नव्याने काढावे लागते. शिवाय घाईत कापताना लहान उपशीर्षके आणि चित्राखालच्या ओळी मेनू समजून टाकल्या जातात. म्हणून टाकलेले तुकडेही एकदा नजरेखालून घालावेत.