पल्स कमी म्हणजे ठोके शिल्लक? एका लोकप्रिय हिशोबाची तपासणी

आमच्या हॉस्टेलवर एक मित्र आहे, रोज पहाटे टेकडीवर पळायला जातो. परवा मेसमध्ये त्याने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. रेस्टिंग पल्स: ५०. म्हणाला, "बघ, तुझं हृदय मिनिटाला ७५ ठोके मारतं, माझं ५०. मी दिवसाला ३६ हजार ठोके वाचवतो. आयुष्यभराचा कोटा तुझा आधी संपणार." समोर बसलेल्या दुसऱ्याचं म्हणणं बरोब्बर उलटं: पळताना पल्स १४० वर जाते, म्हणजे हा कोटा उधळतोय. दोघं तावातावाने भांडत होते, पण कोटा असतो हे मात्र दोघांनाही मान्य होतं. आपल्याकडे ‘श्वास मोजून मिळालेले असतात’ असं म्हणतातच, त्यामुळे ठोकेही मोजून मिळतात हे गळी उतरायला वेळ लागत नाही.

मला हे उदाहरण आवडतं, कारण यात एका साध्या गुणाकारापासून थेट क्लिनिकल ट्रायलपर्यंत जाता येतं आणि प्रत्येक पायरीवर आपण संशोधनात करतो त्याच चुका भेटतात.

आधी गुणाकार. मित्राने रेस्टिंग पल्सला १४४० मिनिटांनी गुणलं. पण रेस्टिंग पल्स म्हणजे शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाची पल्स. दिवसभराची सरासरी ती नव्हे. समजा तो ८ तास झोपतो तेव्हा पल्स ५०, पळतो ते २ तास १४०, आणि उरलेले १४ तास चालणं, बोलणं, लॅबमधली धावपळ यांत सरासरी ६८ (आकडे मी सोयीचे घेतलेत, पण अवास्तव नाहीत). झोपेत २४,००० ठोके, पळताना १६,८००, बाकी दिवसात ५७,१२०. एकूण ९७,९२०, म्हणजे मिनिटाला सरासरी ६८. घड्याळात ५० दिसतंय आणि हृदय ६८ ने चाललंय!

ही ६८ मी मुद्दाम जुळवून आणली. ऑस्ट्रेलियातले हृदयतज्ज्ञ आंद्रे ला गेर्श यांच्या गटाने २०२५ मध्ये खेळाडू आणि न खेळणारे यांच्या दिवसभराच्या ठोक्यांची तुलना प्रसिद्ध केली. खेळाडूंची सरासरी ६८, इतरांची ७६. दिवसाला फरक साधारण साडेअकरा हजार ठोक्यांचा, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा दुसऱ्या मित्राचं ‘व्यायामाने ठोके उधळतात’ हे निदान नेहमीच्या व्यायामापुरतं चुकलं. पण पहिल्याचे ३६ हजारही गेले, त्याच्या हाती फार तर तिसरा हिस्सा उरला. मोजायचं होतं एक, मोजलं त्याच्या शेजारचं दुसरंच. थीसिसमध्ये हे आपण किती वेळा करतो ते मी सांगायला नको.

आता मुख्य गंमत. दिवसाचे ठोके कमी, हे मान्य करू. मग आयुष्यभराचे कमी का? आयुष्यभराचे ठोके म्हणजे वेग गुणिले वर्षं. दोन काल्पनिक माणसं घ्या. एकाची दिवसभराची सरासरी ७०, तो ८५ वर्षं जगला: साधारण ३१३ कोटी ठोके. दुसऱ्याची सरासरी ७८, तो ७५ वर्षं जगला: साधारण ३०८ कोटी. हळू हृदयवाल्याचेच ठोके जास्त भरले! कमी पल्सवाली माणसं जास्त जगतात असं म्हणायचं आणि त्याच दमात त्यांचे एकूण ठोके कमी असतात असंही म्हणायचं, हे एकत्र नेहमी बसत नाही. दोन्ही बसवायला कोटा आधी गृहीत धरावा लागतो, आणि सिद्ध तर तोच करायचा आहे.

हा कोटा आला कुठून? बहुतेक लेखांमध्ये धागा हर्बर्ट लेव्हिन यांच्या १९९७ च्या एका पेपरपर्यंत जातो. त्यांनी सस्तन प्राण्यांच्या हृदयाचा वेग आणि आयुर्मान एकत्र मांडलं. उंदराचं हृदय मिनिटाला शेकडो वेळा धडधडतं आणि तो दोन-तीन वर्षं जगतो, देवमाशाचं संथ आणि तो दशकानुदशकं. दोन्हींचा गुणाकार केला की प्रत्येक प्राण्याला आयुष्यात जवळपास सारखेच ठोके येतात, असा तो निष्कर्ष. सरासरी ७३ कोटी.

आता त्या सरासरीच्या शेजारचा आकडा वाचा. ७३ अधिक-उणे ५६ कोटी. म्हणजे एका प्रमाण विचलनाच्या आतच १७ कोटींपासून १२९ कोटींपर्यंत मजल जाते, सातपटीहून जास्त. लेखकाने ‘दहापटीच्या मर्यादेत’ स्थिर असं स्पष्ट लिहिलंय. लॉग स्केलच्या आलेखावर दहापट म्हणजे एक घर, ठिपके कसे छान रांगेत दिसतात. पण तुमच्या आयुर्मानात दहापटीचा फरक म्हणजे आठ वर्षं की ऐंशी! शिवाय माणूस या रांगेत नीट बसतच नाही. मिनिटाला ७० ठोके आणि ७५ वर्षं धरली तर २७६ कोटी होतात, सरासरीच्या जवळपास चौपट. ज्या प्राण्याबद्दल निष्कर्ष काढायचाय तोच नियमाबाहेर.

आणि रांग दिसते तरी का? मोठं शरीर असलेल्या प्राण्यात पेशींचा चयापचय सावकाश चालतो, हृदय सावकाश चालतं, आयुष्य लांबतं. ढोबळमानाने हृदयाचा वेग वजनाच्या उणे पाव घातांकाने घटतो, आयुर्मान अधिक पाव घातांकाने वाढतं. गुणाकार केला की वजन कापलं जातं आणि उत्तर साधारण स्थिर राहतं. म्हणजे तिथे कोणी ठोके मोजत बसलेलं नाही, शरीराचा आकार दोन्ही दोऱ्या ओढतोय. एकाच प्रजातीत उतरलात की हा आधार निसटतो. कुत्र्यांचंच बघा: ग्रेट डेन सात-आठ वर्षांत जातो, चिवावा सहज बारा-चौदा वर्षं काढतो, आणि चिवावाची पल्स काही ग्रेट डेनपेक्षा संथ नसते.

लेव्हिन यांच्यावर मात्र अन्याय नको. हृदयाचा वेग हा बहुधा चयापचयाचा नुसता दर्शक आहे, आयुर्मानाशी त्याचं नातं आनुषंगिक आहे, आणि हृदय संथ केल्याने माणसाचं आयुष्य वाढेल का हा प्रश्न खुलाच आहे, असं त्यांनी सारांशातच लिहिलंय. उद्धृत करणाऱ्यांनी पहिली तीन वाक्यं वाचली आणि पुढची सोडली, दुसरं काय.

बरं, पण माणसांमध्ये कमी पल्स आणि दीर्घायुष्य यांचा संबंध दिसतो की! दिसतो, आणि चांगलाच दिसतो. कोपनहेगन मेल स्टडीत सुमारे २८०० पुरुषांवर १६ वर्षं लक्ष ठेवलं होतं. शारीरिक क्षमता आणि इतर घटक हिशोबात धरूनही दर १० ठोक्यांमागे मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त दिसला. पण हे निरीक्षण आहे. पल्स जास्त असण्यामागे छुपा आजार, ताण, सिगारेट, दुबळं हृदय काहीही असू शकतं. ‘ठोके वाचल्याने आयुष्य वाढतं’ हे तपासायचं तर बाकी काही न बदलता फक्त ठोके कमी करून बघायला हवेत.

असं करून बघितलंय! आयव्हाब्रॅडीन नावाचं औषध आहे. हृदयाचा ताल ठरवणाऱ्या सायनस नोडमधला एक विद्युतप्रवाह ते मंदावतं (त्या प्रवाहाचं अधिकृत नावच ‘फनी करंट’ आहे, शास्त्रज्ञही कधीकधी गंमत करतात). बीटा ब्लॉकर रक्तदाब, हृदयाच्या आकुंचनाचा जोर असं बरंच काही बदलतात. हे प्रामुख्याने वेगच कमी करतं, म्हणून आपल्या प्रश्नासाठी जवळपास आदर्श.

२०१४ च्या सिग्निफाय ट्रायलमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्थिर आजार असलेले, पण हार्ट फेल्युअर नसलेले १९,१०२ रुग्ण होते. सगळ्यांची पल्स ७० किंवा जास्त. तीन महिन्यांनी औषध घेणाऱ्यांची पल्स सुमारे ६१ झाली, प्लॅसिबोवाल्यांची सुमारे ७१ राहिली. दिवसाला १४,४०० ठोके वाचले. पाठपुरावा मध्यमानाने २७.८ महिन्यांचा, म्हणजे माणशी सव्वा कोटीच्या आसपास ठोके शिल्लक. कोट्याचा सिद्धांत खरा असेल तर काहीतरी दिसायला हवं होतं. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण: औषध गटात ६.८ टक्के, प्लॅसिबो गटात ६.४ टक्के. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य, आणि झुकलाच तर उलट बाजूला. ज्यांना छातीदुखीचा त्रास जास्त होता त्या उपगटात तर औषध घेणाऱ्यांचं जास्त बिघडलं.

इथे एक शहाणा विद्यार्थी विचारेल, मग २०१० च्या शिफ्ट ट्रायलचं काय? तेच औषध, हार्ट फेल्युअरचे साडेसहा हजार रुग्ण, आणि हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावून हॉस्पिटलात दाखल होण्याचा एकत्रित धोका १८ टक्क्यांनी कमी. प्रश्न रास्त आहे. दुबळ्या हृदयाला दोन ठोक्यांच्या मधे भरायला वेळ मिळाला, त्याच विसाव्यात त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त वाहिलं, तर त्याचं काम हलकं होतं. म्हणजे फायदा झाला तो आजच्या प्रत्येक ठोक्याचा. साठा शिल्लक राहिल्याचा फायदा असता तर तो सिग्निफायमध्येही दिसला असता.

ट्रायल दोन-अडीच वर्षांची, आयुष्य ऐंशीचं, हा आक्षेप उरतोच. त्याला उत्तर जनुकांतून शोधतात. काही जनुकीय फरक जन्मापासूनच पल्स थोडी कमी किंवा जास्त ठेवतात, आणि ते आपल्या वाट्याला सोडतीसारखे येतात. म्हणजे निसर्गानेच आयुष्यभराची ट्रायल चालवलीय. याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या गटाने सांगितलं की जनुकांमुळे पल्स ५ ठोक्यांनी जास्त असेल तर मृत्यूचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. माझा मित्र हाच पेपर पुढे पाठवत असतो. पण २०२३ मध्ये त्याच गटाने आठ लाखांहून जास्त माणसांचा डेटा आणि कितीतरी जास्त जनुकीय फरक घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा एकूण मृत्यूंशी संबंधाचा पुरावा सापडला नाही. आधीच्या आमच्या निष्कर्षाच्या हे विरुद्ध आहे, असं त्यांनी सारांशातच नोंदवलं. वर आणखी एक विचित्र गोष्ट निघाली: जन्मतः जास्त पल्स असणाऱ्यांना एट्रियल फिब्रिलेशन आणि इस्केमिक स्ट्रोकचा धोका कमी, पण हृदयाचे स्नायू ताणले जाण्याच्या एका आजाराचा धोका जास्त. एकच पल्स, आजारानुसार दिशा वेगळी. एका कोट्यातून ठोके खर्च होत असते तर असं दोन दिशांना कसं गेलं असतं?

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग मी पळायचं बंद करू?" अरे बाबा, पळण्याने तुझं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलंय, म्हणून विश्रांतीत त्याला ५० ठोके पुरतात. ते ५० पळण्याचा परिणाम आहेत. न पळता गोळी घेऊन कोणी ५० वर आला तर त्याच्या घड्याळातही हाच आकडा दिसेल, पण जिने चढताना तो तुझ्या मागेच राहील.

त्याने घड्याळ पुन्हा बाहीखाली ढकललं. दुसऱ्याने मात्र अजून हार मानलेली नाही. तो आता कासवांचा डेटा शोधतोय.