मुळशीतला ‘मु’ लघू की गुरू?

आपण मुळशीत जमलो आहोत, तेव्हा सुरुवात याच नावापासून करू. शाळेत शिकवलेल्या पद्धतीने ‘मुळशी’चे लघु-गुरू लावा. मु लघू, ळ लघू, शी गुरू. म्हणजे सगण, मात्रा चार. आता बसमध्ये कंडक्टरला सांगतो तसं म्हणा. ‘ळ’मधला अ कुठे गेला? तो उच्चारात नाहीच. आपण म्हणतो मुळ्‌-शी. तीन अक्षरांचे दोनच सिलॅबल झाले, आणि पहिला, व्यंजनाने बंद झाल्यामुळे, जड झाला.

मात्रा मोजल्या तर तरीही चारच भरतात. पहिल्या हिशोबात एक, एक आणि दोन, दुसऱ्यात दोन आणि दोन. ‘अ’ गळाला, पण ‘ळ’ने ती जागा ‘मु’च्या पदरात टाकली. मात्रावृत्तात बेरीज बिघडत नाही, म्हणून हा फरक तिथे लक्षातच येत नाही. शिवाय कविता म्हणताना आपण ‘ळ’ पुरा उच्चारतो, त्यामुळे छंदःशास्त्राचा हिशोब पठणापुरता बरोबरच आहे. माझा आक्षेप एवढाच, की तोच हिशोब बोलण्यातल्या आघाताला लावला तर उत्तर चुकतं.

ते कसं, पाहू. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६८च्या आपल्या पुस्तकात हिंदी-उर्दूच्या आघाताचा नियम मांडला. पुढे जगभरच्या आघातविषयक चर्चेत तो येत राहिला. नियम साधा आहे: शब्दात जो सिलॅबल सर्वांत जड, त्यावर आघात. वजनं तीन: ऱ्हस्व स्वरावर संपणारा हलका, दीर्घ स्वराचा, किंवा ऱ्हस्व स्वर आणि व्यंजन असलेला जड, दीर्घ स्वर आणि वर व्यंजन असेल तर अतिजड. बरोबरी झाली, तर शेवटचा सोडून उरलेल्यांतला सर्वांत उजवीकडचा जिंकतो.

हा नियम हिंदीचा आहे, मराठीचा नाही. पण लावून बघायला हरकत नाही. लिहिलेल्या मु-ळ-शीला लावला तर एकटा ‘शी’ जड, म्हणून आघात ‘शी’वर. उच्चारलेल्या मुळ्‌-शीला लावला तर बरोबरी होते, शेवटचा बाद होतो, आघात ‘मुळ्‌’वर. माझा कान दुसऱ्या उत्तराला कौल देतो. इथल्याच ‘मुळा’ नदीचं नाव घ्या. तिथे मु एकटा, हलका. जड फक्त ‘ळा’. दोन मात्रांचा एक गट, ज्याला ‘फूट’ म्हणतात, तो मुळशीत पहिल्याच सिलॅबलमध्ये पुरा होतो, मुळात मात्र ‘ळा’वर. कागदावर मु तोच, वजन वेगळं.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, “माझा कान वेगळं सांगतो.” म्हणा ना. ‘मुळशीकर’ घ्या: मुळ्‌-शी-कर्‌, तिन्ही जड. नियमाप्रमाणे आघात ‘शी’वर, पण मलाच तो कधी ‘मुळ्‌’वर ऐकू येतो. मराठीत आघात सौम्य आहे, त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून नुसत्या कानावर सिद्धान्त उभारणं धोक्याचं. जरा टणक पुरावा हवा, आणि तो आपल्या शुद्धलेखनातच आहे.

‘गरीब’ दीर्घ, ‘गरिबाला’ ऱ्हस्व. ‘पूल’ दीर्घ, ‘पुलाला’ ऱ्हस्व. आपण हे पाठ केलं, कारण विचारलं नाही. ग-रीब्‌मध्ये ‘रीब्‌’ अतिजड, आघात त्याच्यावर. ग-रि-बा-लामध्ये ब सुटून पुढच्या ‘आ’ला मिळाला, ‘रि’ उघडा पडला. गट पडतात (गरि)(बा)(ला), आणि शेवटचा ‘ला’ बाद केल्यावर आघात ‘बा’वर. मागे राहिलेल्या स्वराची लांबी गेली. आघात कानाला पुसट असेल, पण त्याच्या जाण्याची खूण वेलांटीत राहिली, असं मी म्हणेन.

याच्याही मर्यादा आहेत. ही खूण फक्त इ-उमध्ये दिसते. ‘नवाब’चं ‘नवाबाला’ होताना ‘वा’ तसाच राहतो. आणि ‘शरीर’सारख्या तत्सम शब्दांत नियम सांगतो की ‘शरीराला’ दीर्घच लिहा. मुलं ‘शरिराला’ लिहितात आणि मार्क गमावतात. लेखननियमाप्रमाणे ती चूकच. पण त्या मुलाने ‘गरिबाला’चाच न्याय ‘शरिराला’ला लावला आहे. बोलण्यातलं वजन त्याने मोजलं, कागदावरचं नाही. लाल शाईने ‘री’ दीर्घ जरूर करा. पण आधी त्याला तो शब्द मोठ्याने म्हणायला लावा, आणि तुम्हीही ऐका.