सत्र-निकालातील श्रेणी गुण, संचयी सरासरी आणि समतुल्य टक्केवारी : एक चिकित्सा

प्रस्तावना

श्रेयांक पद्धती स्वीकारल्यापासून विद्यापीठीय गुणपत्रिकेचे स्वरूप पालटले. पूर्वी शंभरपैकी मिळालेले गुण आणि त्यांची बेरीज एवढाच मजकूर असे. आता विषयासमोर श्रेयांक, श्रेणी आणि श्रेणी गुण येतात. तळाशी सत्राची सरासरी येते. मात्र नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा नमुना किंवा पुढील प्रवेशाची अट अजूनही पुष्कळदा टक्क्यांतच बोलते. त्यामुळे निकालाच्या संकेतस्थळावरून घेतलेला स्क्रीनशॉट समोर ठेवून विद्यार्थी स्वतःच हिशेब करतो आणि अर्जाच्या चौकटीत एक आकडा भरतो. या आकड्यावर पात्रता ठरते. महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण अथवा श्रेणी पद्धतीतील समतुल्य श्रेणी अपेक्षित आहे. ‘समतुल्य’ या एका शब्दात सारा प्रश्न सामावलेला आहे. प्रस्तुत लेखात एका कल्पित पदव्युत्तर विद्यार्थ्याचा निकाल घेऊन या रूपांतराची चिकित्सा केली आहे.

स्क्रीनशॉटचे वाचन

सरासरी काढण्यासाठी पडद्यावरील दोनच स्तंभ लागतात : विषयाचे श्रेयांक आणि विषयाचे श्रेणी गुण. अनुदान आयोगाच्या दहा-बिंदू श्रेणीत ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, ‘पी’ ४ आणि ‘एफ’ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाच्या श्रेयांकाला त्याच्या श्रेणी गुणाने गुणावयाचे, गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागावयाचे. येणारी संख्या ही सत्राची श्रेणी सरासरी होय.

उदाहरणादाखल पहिल्या सत्रातील सहा विषय घेऊ. पाच विषय प्रत्येकी ४ श्रेयांकांचे व एक २ श्रेयांकांचा, असे एकूण २२ श्रेयांक. चार श्रेयांकांच्या विषयांत ७, ५, ६, ५ आणि ५ असे श्रेणी गुण आहेत; दोन श्रेयांकांच्या विषयात ९ आहेत. गुणाकार अनुक्रमे २८, २०, २४, २०, २० आणि १८ येतात. त्यांची बेरीज १३०. तिला २२ ने भागता ५.९०९, म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत ५.९१ ही सरासरी मिळते.

याच ठिकाणी सर्वांत सामान्य चूक घडते. श्रेयांकांचा स्तंभ स्क्रीनशॉटमध्ये कापला गेलेला असतो किंवा त्याकडे लक्ष जात नाही आणि श्रेणी गुणांचीच बेरीज करून विषयसंख्येने भागले जाते. वरील उदाहरणात ती बेरीज ३७, विषय सहा, म्हणून सरासरी ६.१७. दोन श्रेयांकांच्या छोट्या विषयातील ९ ला चार श्रेयांकांच्या विषयाइतके वजन मिळाल्याने हा फुगवटा येतो. दहाने गुणल्यास एक आकडा ५९.१ आणि दुसरा ६१.७ होतो, ६० ची रेषा मधून जाते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. आपण काढलेली सरासरी पडद्याच्या तळाशी छापलेल्या सत्र-सरासरीशी तंतोतंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर श्रेयांक वगळले गेले आहेत, किंवा श्रेयांक नसलेला एखादा विषय हिशेबात शिरला आहे. संगणकाच्या तक्त्यात ‘बी’ स्तंभात श्रेयांक आणि ‘सी’ स्तंभात श्रेणी गुण लिहिल्यास पुढील एक सूत्र पुरेसे होते :

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(B2:B7)
```

अनुत्तीर्ण विषय आणि संचयी सरासरी

संचयी सरासरीचे तत्त्व हेच आहे. फक्त हिशेब सर्व सत्रांचा एकत्रित करावयाचा असतो. प्रत्येक सत्रात श्रेयांक समान असतील, तर सत्र-सरासऱ्यांची साधी सरासरी आणि संचयी सरासरी एकच येते. अंतिम आकड्यांमुळे पडणारा किरकोळ फरक सोडला तर यात धोका नाही. श्रेयांक असमान असतील, तर मात्र साधी सरासरी चालत नाही. प्रत्येक सत्र-सरासरीला त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणूनच पुढे जावे लागते.

खरी गुंतागुंत अनुत्तीर्ण विषयाने निर्माण होते. उदाहरणातील विद्यार्थी दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांच्या एका विषयात अनुत्तीर्ण झाला आहे. उरलेल्या १८ श्रेयांकांवर त्याचे ११२ श्रेयांक-गुण आहेत. केवळ उत्तीर्ण श्रेयांक धरल्यास सरासरी ६.२२ येते, नोंदवलेले सर्व २२ धरल्यास ५.०९. दोन्ही आकडे गणिती दृष्टीने बिनचूक आहेत. त्यांचे प्रश्न निराळे आहेत. पहिला आकडा विद्यार्थी ज्यात उत्तीर्ण झाला त्यातील दर्जा सांगतो, दुसरा संपूर्ण सत्राचे फलित सांगतो. कोणता ग्राह्य, हे विद्यापीठाच्या अध्यादेशावर ठरते. पडद्यावर ‘नोंदवलेले श्रेयांक’ आणि ‘मिळवलेले श्रेयांक’ असे दोन आकडे असतात ते याचसाठी. ते परस्परांहून भिन्न असतील, तर तळाच्या सरासरीचा छेद कोणता हे तपासल्यावाचून पुढे जाऊ नये. काही संकेतस्थळे अशा वेळी सरासरीची चौकट रिकामी ठेवतात. ती रिकामी जागा म्हणजे तांत्रिक बिघाड नव्हे.

पुढे हा विद्यार्थी पुनर्परीक्षेत ५ श्रेणी गुणांनी उत्तीर्ण होतो. आता त्याच्याजवळ दोन स्क्रीनशॉट आहेत : जुना, ज्यात तो विषय शून्यावर आहे, आणि नवा, ज्यात तो ५ वर आहे. नवी नोंद जुनीची जागा घेते. तिच्यात भर घालत नाही. ११२ मध्ये २० मिळवून १३२ आणि छेद २२, म्हणजे सरासरी ६.०० हा योग्य हिशेब. दोन्ही नोंदी एकाखाली एक धरल्यास छेद २६ होतो आणि सरासरी ५.०८ पर्यंत घसरते. पदवीच्या विहित श्रेयांकांहून एकूण श्रेयांक अधिक भरले, तर ही पुनरुक्ती झाल्याचे निश्चित समजावे. पुनर्मूल्यांकनानंतर बदललेल्या निकालालाही हाच न्याय लागू होतो.

तिसऱ्या सत्रात १२८ आणि चौथ्यात १३२ श्रेयांक-गुण मिळाले असे धरू. चार सत्रांची बेरीज १३०, १३२, १२८ आणि १३२ मिळून ५२२. एकूण श्रेयांक ८८. संचयी सरासरी ५.९३. येथपर्यंतची वाट अंकगणिताची आहे आणि ती काळजीपूर्वक चालल्यास मतभेदाला जागा उरत नाही.

टक्केवारीचे तीन मार्ग

मतभेद यापुढे सुरू होतो. ५.९३ म्हणजे किती टक्के? प्रचलित उत्तरे मुख्यतः तीन आहेत. पहिले, दहाने गुणणे, उत्तर ५९.३. दुसरे, ९.५ ने गुणणे, उत्तर ५६.३४. तिसरे, ०.७५ वजा करून दहाने गुणणे, उत्तर ५१.८. पंचावन्न टक्क्यांची अट पहिल्या दोन मार्गांनी पूर्ण होते, तिसऱ्याने होत नाही. विद्यार्थी तोच, अभ्यास तोच, उत्तरपत्रिका त्याच. पात्रता मात्र सूत्राच्या निवडीवर अवलंबून राहते.

ही सूत्रे कोठून आली हे पाहिले म्हणजे त्यांच्या मर्यादा कळतात. ९.५ हा गुणक केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या श्रेणी पद्धतीतून आला. तेथे ९१ ते १०० या पट्ट्याला १० श्रेणी गुण होते. त्या पट्ट्यातील विद्यार्थ्यांचे सरासरी गुण सुमारे ९५ धरून त्यांना दहाने भागले गेले. मंडळाने दहावीची ती पद्धत २०१७-१८ पासून मागे घेतली, पण गुणक विद्यापीठीय अर्जांत रेंगाळत राहिला. शालेय पाच विषयांसाठी, एका विशिष्ट पट्ट्यावरून काढलेला हा आकडा पदव्युत्तर निकालाला लावण्यास कोणताही आधार नाही. ०.७५ वजा करण्याची रीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याशी जुळते. त्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५ अशी समतुल्यता आहे. कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठानेही हे सूत्र वापरले आहे. दहाने गुणण्याचा मार्ग काही विद्यापीठांनी अधिकृतपणे स्वीकारला आहे. इतरत्र तो केवळ सोयीखातर वापरला जातो.

श्रेणीतून गुण परत मिळतात काय?

या तिन्ही सूत्रांमागे एक गृहीतक दडलेले आहे : श्रेणीतून मूळ गुण परत काढता येतात. हे गृहीतक तपासण्यासाठी असे धरू की, एका विद्यापीठात ४० ते ४९ गुणांना ५, ५० ते ५९ ला ६, ६० ते ६९ ला ७ आणि याच क्रमाने पुढे श्रेणी गुण दिले जातात. आता ६० गुण मिळवणारा आणि ६९ गुण मिळवणारा, दोघेही ७ वर येतात. त्यांच्यातील नऊ गुणांचे अंतर निकालपत्रात शिल्लकच राहत नाही. जे शिल्लक नाही ते कोणतेही सूत्र परत आणू शकत नाही. ते फार तर एक अंदाज देऊ शकते.

हा अंदाज कोठवर जाऊ शकतो हे मात्र काढता येते. उदाहरणातील विद्यार्थ्याला कोणत्याही विषयात सर्वोच्च श्रेणी नाही असे मानू. प्रत्येक विषयात तो पट्ट्याच्या तळाशी असेल, तर त्याचे खरे टक्के ४९.३ असतील, प्रत्येक विषयात माथ्याशी असेल, तर ५८.३. म्हणजे ५९.३ हे दहाने गुणून आलेले उत्तर या विद्यापीठात त्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात मिळणे शक्यच नव्हते. उलट ५१.८ हे उत्तर शक्य असले तरी पट्ट्याच्या मध्याहून, म्हणजे ५३.८ हून, खाली झुकलेले आहे. दहाचे सूत्र विद्यार्थ्याला वाजवीहून अधिक देते, ०.७५ चे सूत्र बहुधा थोडे कमी देते. पट्टे बदलले की हे निष्कर्षही बदलतात. काही विद्यापीठांत उत्तीर्णतेजवळचे पट्टे पाचच गुणांचे असतात. तेथे एकच सरळ सूत्र सर्व सरासऱ्यांना नीट बसत नाही.

समारोप

संचयी सरासरी ही गणना आहे, समतुल्य टक्केवारी हा प्रशासकीय निर्णय आहे. गणना कोणीही तपासू शकतो. निर्णय मात्र पदवी देणाऱ्या विद्यापीठानेच करावा लागतो. म्हणून अर्जात टक्केवारी भरताना आपल्या विद्यापीठाच्या, आपल्या अभ्यासक्रम-आराखड्याला लागू असलेल्या सूत्राचाच आधार घ्यावा. बहुधा ते अंतिम गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेले असते. तसे नसल्यास परीक्षा विभागाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे. स्क्रीनशॉट हा पडताळणीसाठी उपयोगी आहे, पुरावा म्हणून नाही. अर्ज मागवणाऱ्या संस्थेनेही स्वतःचे सूत्र सर्व विद्यापीठांवर लादणे न्याय्य नाही, कारण ५.९३ ही सरासरी निरनिराळ्या पट्ट्यांच्या विद्यापीठांत निरनिराळ्या गुणांची निदर्शक असते. अट टक्क्यांत ठेवावयाची असेल, तर जाहिरातीत समतुल्यतेचा आधार स्पष्ट लिहिला पाहिजे. तो लिहिलेला नसेल, तर पात्र आणि अपात्र यांच्यातील रेषा गुणवत्ता आखत नाही, अर्जदाराने योगायोगाने निवडलेला गुणक आखतो.