जुनी पीडीएफ काही बोलत नाही

सांगलीत आपल्यापैकी बरेच जण सिनियरच्या पेनड्राइव्हमधल्या पीडीएफवरच रिव्ह्यू लिहितात. माझी हरकत तिथेच आहे. पुण्याच्या एनसीसीएसमधला, कर्करोगाच्या पेशींवरचा 2005 चा एक पेपर घ्या. आधीच्या पेपरमधल्या प्रतिमा पुन्हा वापरल्याच्या आक्षेपावरून ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ने तो 2007 मध्ये मागे घेतला. इकडच्या चौकशी समितीला मात्र गैरप्रकार दिसला नाही. तो वाद राहू द्या. पण 2006 मध्ये उतरवलेल्या फाइलवर यातलं एक अक्षरही नाही. म्हणून शीर्षक PubMed वर टाका. `Retraction in` दिसलं, तर तो पेपर पुरावा म्हणून धरू नका. `Erratum in` असेल, तर दुरुस्ती उघडून बघा, तुम्ही उचललेली आकृतीच बदललीय का?