रिकाम्या चौकोनांची नाटके

गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या नव्या कौटुंबिक नाटकांनी मला चिडवले आहे. रंगमंचावर सात माणसे, पण प्रत्येकाचे भांडण फक्त नायकाशी. सुनेला नणंदेकडून काही नको, धाकट्या भावाचे आईशी काही अडलेले नाही. नायक आत गेला की उरलेले चहा पितात.

हा दोष संवादांचा नाही. तो लिहिण्याआधी, कागदावरच दिसला असता. पात्रांची नावे आडवी लिहायची, तीच उभी लिहायची. पाच पात्रांच्या जोड्या होतात 10, पण चौकोन भरायचे 20. कारण ‘अ’ला ‘ब’कडून जे हवे असते ते ‘ब’ला ‘अ’कडून नको असते. चौकोनात ‘प्रेम’, ‘राग’ असली नामे चालत नाहीत. काय हवे आहे आणि काय लपवले आहे, एवढेच लिहायचे.

1972 साली रंगभूमीवर आलेले तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ या तक्त्यावर मांडून पाहा. सखाराम, लक्ष्मी, चंपा, दाऊद आणि चंपाचा नवरा फौजदार शिंदे. सखारामच्या ओळीत नाटकाचा दंगा आहे. पण शेवट घडवतात ते त्याला वगळून उरलेले चौकोन. चंपा परतलेल्या लक्ष्मीला घरात राहू देते, घर तू सांभाळ आणि त्याला मी, अशी वाटणी करते. ही युती झाली. चंपाने झिडकारलेल्या शिंदेला लक्ष्मी चोरून माया लावते, म्हणजे युतीच्या पोटातच दुसरी युती. चंपा दाऊदकडे जाते, ते लक्ष्मीला कळते. सखाराम तिला हाकलायला निघतो तेव्हा ती तेच बाहेर काढते आणि सखाराम चंपाचा गळा दाबतो. तीन आडबाजूच्या जोड्या खोडा, हा खून उभाच राहत नाही.

दाऊद–शिंदे हा चौकोन मात्र जवळजवळ रिकामा आहे, आणि तो तसाच हवा. सगळे चौकोन भरायचा हट्ट धरला की मालिका होते. शोधायची असतात ती एकाच माणसाने दुखावलेली, पण एकमेकांशी कधीच एकटी न बोललेली दोन पात्रे. न वापरलेली युती बहुधा तिथेच सापडते. एखाद्याच्या ओळीत एकच चौकोन भरलेला असेल, तर ते पात्र निरोप्या आहे.

पात्राचा आवडता रंग विचारणाऱ्या लांबलचक प्रश्नावल्यांचा इथे काही उपयोग नाही. वंशावळ नाते सांगते, देणेघेणे नाही.

तक्त्याने उत्स्फूर्तता मरते, असे तरुण नाटककार मला सांगतात. मला ते मान्य नाही. तुमच्या दुसऱ्या अंकात अचानक फोन वाजतो, अचानक आजार निघतो, अचानक मृत्युपत्र सापडते. ही उत्स्फूर्तता नव्हे. घरात बसलेल्या सहा माणसांचे एकमेकांशी काहीच अडलेले नसल्यामुळे तुम्हाला संकट दाराबाहेरून आणावे लागते. ती नणंद पहिल्या अंकापासून कोपऱ्यात उभी आहे. भावाने तिचाही हिस्सा बुडवला आहे आणि वहिनीचाही. त्या दोघींना एकदा तरी एका खोलीत एकट्या सोडा.